बांधलेली छाती

१९४९ सालचा मार्च, तारीख बारा. अकोल्याला दादाच्या घराच्या गच्चीवर मी तुरीला तेलपाणी चोळत होते. वर्षाची डाळ करायची होती आणि वहिनी मुलीच्या बाळंतपणात गुंतलेली, म्हणून मी अमरावतीहून चार दिवसांची रजा काढून त्या सकाळीच आले होते. अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात मी नर्स होते. पण सुटीत आलेल्या नणंदेला माहेरी कोणी नर्स म्हणून वागवत नाही, तूर चोळायलाच बसवतात. माझीही तक्रार नव्हती.

खालून पोर रडत होतं. भुकेचं रडणं वेगळं असतं, ते वीस वर्षं ऐकून कानाला कळतं. थांबेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. थांबेना, तशी तेलकट हातानंच खाली गेले.

बाळंतिणीच्या खोलीच्या दारात वहिनी पोराला मांडीवर घेऊन बोंडल्यानं शेळीचं दूध पाजत होती. पोर अर्धं गिळत होतं, अर्धं गालावरून सांडत होतं.

"हे काहून?" मी विचारलं. "आईचं कुठं गेलं?"

"तिचं दूध नासलं, वन्सं. ताप आहे न तिले. तापातलं दूध लेकराच्या पोटात गेलं तर जुलाब लागतील त्याले."

आत भाची भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावर दोन गोधड्या, तरी थरथरत होती. बाहेर ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. मी तिच्या गोधड्या काढल्या. छातीभोवती जुन्या लुगड्याची पट्टी करकचून आवळलेली. तिच्याखाली जवसाचं पोटीस, वाळून कडक झालेलं.

हात धुऊन पट्टी सोडली. डाव्या बाजूला काखेकडून बोंडाकडे एक लाल पट्टा आला होता, हाताला चटका बसावा इतका गरम. त्याखाली छाती दगडासारखी. बोंडाला चीर पडली होती आणि तिच्यात पिवळट ओल होती. माझा हात लागला तशी ती ओरडली.

"आत्या, नको न! दुखून राहिलं!"

"दुखणारच. बांधून ठेवलं तर काय होईल? दूध तयार व्हायचं थांबत नाही. वाट बंद केली की ते आतच तुंबतं."

वहिनी दारातून म्हणाली, "आमच्या तेल्हाऱ्याकडे बांधतातच. दूध आटलं की दुखणं जाते."

"वहिनी, तुमच्या घरी गाईले दगडी झाली, कास घट्ट झाली, तर तुमी काय करता? कासेले बांधून ठेवता?"

"ते काहून बांधीन? पिळून पिळून काढतो."

"मग?"

"माह्या पोरीले गाय म्हणता का, वन्सं?"

"गाईची तरी काळजी घेता म्हणते."

वहिनीनं तोंड फिरवलं. पण पोर माझ्या हातात दिलं.

भाचीला उठवून तक्क्याला टेकवली आणि पोराला डाव्या बाजूला लावलं. त्यानं तोंड मारताच तिनं माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. मी मनगट सोडवून घेतलं नाही आणि पोरालाही काढलं नाही. थोड्या वेळानं तिची पकड सैल झाली. पोर गटागटा पीत होतं. शेळीच्या दुधाशी भांडून थकलेलं होतं बिचारं. मग दुसऱ्या बाजूला पाजलं. त्यानंतरही डावी बाजू ताठ वाटत होती, म्हणून थोडं दूध हातानं हलकेच काढलं. रगडलं नाही. सुजलेल्या जागेला रगडलं की सूज वाढतेच. वर माठातल्या पाण्याची घडी ठेवली आणि तिला भरपूर पाणी प्यायला लावलं.

दुपारी दादा कोर्टातून आला. बूट न काढताच म्हणाला, "पेनिसिलीन आणू का? आता मिळून राहिलं. आमच्या बाररूममध्ये एकाचा न्यूमोनिया त्यानंच बरा झाला."

दादा वकील, त्याला प्रत्येक गोष्टीला एक पुरावा पुरतो. मी म्हटलं, "नुसतं दूध तुंबलं असेल तर पाजून, काढून, आराम करून एका दिवसात उतार पडतो. तेवढ्यासाठी सुई टोचायची नाही. आजच सुरू झालं असेल तर उद्या सकाळपर्यंत बघू."

तो गेल्यावर भाचीनं हळूच हाक मारली.

"आत्या, आजचं नाही ते."

"कधीचं?"

"परवापासून. थंडी वाजून ताप आला तवाच लाल झालं होतं. चीर तर त्याच्याही आधीची. मी सांगितलं नाही."

"काहून?"

"सांगितलं असतं तर आईनं तवाच बोंडलं आणलं असतं. पहिल्याच्या वेळी असंच झालं होतं न."

पहिली मुलगी होती. तिच्या वेळीही आईचं दूध असंच आटवलं होतं आणि वरच्या दुधावर ती दोन महिन्यांत गेली होती. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. म्हणून ही गप्प राहून, दात आवळून, दुखऱ्या बाजूला पाजत राहिली होती. आज ताप फार चढला म्हणून पकडली गेली.

आता सकाळची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. चिरलेलं बोंड, त्यातली ओल, परवापासूनचा ताप. पाजूनही न हटलेलं हे दुखणं नुसत्या तुंबण्याचं नव्हतं, आत जंतू शिरले होते. मी दादाला टांगा आणायला सांगितलं.

"सकाळपर्यंत बघू म्हणत होती न?"

"तेव्हा मला अर्धंच माहीत होतं."

गावातल्या लेडी डॉक्टर दिवेलागणीला त्यांच्या घरीच भेटल्या. त्यांनी दोन बोटांनी गाठ चाचपली, दाबून सोडली, पुन्हा दाबली. आत पाण्यासारखं काही हलतं का ते बघत होत्या. भाची छताकडे बघत होती.

"पू साचलेला नाही," त्या म्हणाल्या. "साचला असता तर नुसत्या सुईनं भागलं नसतं, चिरा देऊन काढावा लागला असता. याआधी कुठल्या इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं होतं का? दम लागला होता का?"

"नाही."

"मग पेनिसिलीन देऊ. तेलातलं आहे, रोज एक. मी थांबा म्हणेपर्यंत यायचं."

वहिनी बरोबर आली होती. तिनं विचारलं, "आणि लेकराले बोंडल्यानंच द्यायचं न, बाई?"

"का? ताप आईला आहे, दुधाला नाही. दोन्ही बाजूंनी पाजायचं. एकदम बंद केलं तर उलट पू धरेल."

"अन् सुईचं औषध दुधात उतरलं तर?"

"अगदी थोडं उतरतं. त्यानं बाळाला काही होत नाही."

वहिनीला पटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. सुई जाड होती, औषधही घट्ट. भाचीनं हूं की चूं केलं नाही. दुपारी जिनं माझ्या मनगटात नखं रुतवली तीच ही.

सकाळी उठले तेव्हा वहिनी चहा घेऊन मुलीच्या उशाशी बसली होती. लेकीच्या कपाळावर हात ठेवून मला म्हणाली, "ताप बराच उतरला, वन्सं. आता कायले सुई? उगाच पोरीले भोकं."

मी बघितलं. ताप उतरला होता, पण गेला नव्हता. लाल पट्टा फिका झाला होता, तरी खालची गाठ हाताला लागतच होती. मधेच सोडलं की जंतू पुन्हा डोकं वर काढतात आणि मग बाया पू घेऊन आमच्या दवाखान्यात येतात.

वहिनीशी वाद घातला नाही. पोराला उचलून आईच्या डाव्या बाजूला दिलं, ते पिऊन होईपर्यंत तिची वेणी घातली, आणि टांग्यात बसवून तिला दुसऱ्या सुईला घेऊन गेले.