दहा तारखेची जमा

पालघरला एका सीएच्या ऑफिसात मी बावीस वर्षं हिशेब लिहिते आहे. दुकानदार पिशवीत बिलं कोंबून आणतात, मी ती वेगळी करते, ओळीत बसवते आणि बसवताना मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घालते. माझा हात चुकत नाही अशी माझी ख्याती आहे. ती मी स्वतःच पसरवली आहे हा भाग वेगळा.

दादा गेला त्याच्या पुढच्या एप्रिलात पुतणी एक जाड पाकीट घेऊन ऑफिसात आली. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिची फी भरायला एक संस्था तयार होती, पण घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि बँकेच्या बाराही महिन्यांच्या स्टेटमेंटवरून केलेला वार्षिक जमाखर्च त्यांच्याच छापील फॉर्मवर भरून हवा. मुदत पाच दिवसांची. फी मिळाली नाही तर पोरगी पुढल्या महिन्यापासून बोईसरला एखाद्या कंपनीत पॅकिंगला उभी राहणार, हे तिने स्वतःच सांगितलं, आणि इतक्या शांतपणे सांगितलं की मला तिचाच राग आला.

"पाच दिवस कशाला?" मी म्हटलं. "दुपारच्या सुट्टीत करून टाकते."

घरात खातं एकच, दादा आणि वहिनी दोघांच्या नावावर. दादा तारापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होता. दहा तारखेला पगार हातात रोख मिळायचा, चौदा हजार, आणि तो तसाच उचलून बोईसरला पैसे भरायच्या मशीनमध्ये टाकायचा. चहासुद्धा त्यानंतर. वहिनी तारापूर गावातल्या आमच्या घरी बोंबील, जवळा सुकवते आणि विकते. ते पैसे पावसाच्या तोंडावर भरपूर येतात, मग मधेच आटतात, आणि आकडे कधी गोल नसतात.

मी आडव्या कागदावर बारा रकाने आखले, एप्रिल ते मार्च. आधी एका महिन्याची अखेरची शिल्लक पुढच्या महिन्याच्या सुरुवातीशी जुळते का ते पाहिलं, म्हणजे मधलं पान गळलेलं नाही हे कळतं. मग एकेक नोंद आपापल्या ओळीत. मासळीविक्री, व्याज, वीजबिल, गॅस, किराणा, फी, घरखर्चासाठी काढलेली रोख. सप्टेंबरात एका दुकानाला पाठवलेले आठशे रुपये अडकून परत आले होते. परत आलेले पैसे म्हणजे कमाई नव्हे, म्हणून जाणं आणि येणं दोन्ही मी काट मारून बाजूला काढलं. असलं काही पकडलं की मला स्वतःचं भारी कौतुक वाटतं.

सगळ्यात सोपी ओळ नोकरीची. दहा एप्रिल, चौदा हजार. दहा मे, चौदा हजार. जून, जुलै. डब्यातली भाजी थंड होत होती आणि माझी पेन्सिल भराभर चालली होती. नोव्हेंबरच्या रकान्यात चौदा हजार लिहिले आणि हात थांबला.

दादा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेला होता. रात्रीचा जेवून झोपला तो सकाळी उठला नाही.

मी मागे गेले. दहा मे. रोख जमा, बोईसर. पुढे ज्या कार्डावरून भरले त्याचे शेवटचे चार आकडे. ते आकडे मला पाठ होते, कारण ते कार्ड घेऊन देताना बँकेत मीच त्याच्याबरोबर गेले होते. कार्ड दादाचंच होतं. जून, जुलै, ऑगस्ट, थेट मार्चपर्यंत, दर दहा तारखेला. पंखा चालू होता, बाहेर रिक्षावाले भांडत होते, भर दुपारची वेळ. शहाण्या बाईला येऊ नये तो विचार मला आला. वाटलं, याला आपण गेल्याचं कुणी सांगितलंच नसेल. कामावरून सुटतो, बोईसरला उतरतो, पैसे भरतो आणि मग घरी यायचं विसरतो.

भीती वाटली की मी बेरजा मारते. बेरजा मारल्या. सुरुवातीची शिल्लक एक्केचाळीस हजार दोनशे वीस. वर्षाची जमा तीन लाख पाच हजार आठशे शहाऐंशी. खर्च तीन लाख अठ्ठावीस हजार चारशे शहात्तर. उरले अठरा हजार सहाशे तीस, आणि बँकेच्या शेवटच्या पानावरही तेवढेच. पैशाचा फरक नाही. मेळ बसला होता, दादा जमेला होता आणि उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं होतं. पुतणीची फी त्याच्याच पैशांनी अडवली होती.

त्याच संध्याकाळी मी तारापूरला गेले. वहिनी ओट्यावर जवळा पाखडत बसली होती. मला पाहून सूप खाली ठेवलं.

"ये गो बाय. जमला का कागद?"

"वहिनी, दहा तारखेला खात्यात पैसे कोण भरतं?"

तिने पुन्हा सूप उचललं.

"कुणाकडून घेतेस? कर्ज काढलंस का?" माझा आवाज चढला होता. "की त्या ठेकेदाराकडून येतात?"

"कुणाचे नाय. आपलेच हाय."

"आपले म्हणजे?"

ती आत गेली आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात मशीनमधून येणाऱ्या पावत्या होत्या, जुन्या पुसट झालेल्या आणि नव्या, एकत्र. सगळ्यात वर त्याचं कार्ड.

"ते असताना मी पण जायचे दहा तारखेला," ती म्हणाली. "मी पिशवी धरून उभी. ते मशीन नोटा मोजतं ना, खडखड खडखड, तो आवाज झाला की पावती काढून माझ्या हातात द्यायचे. घे म्हणायचे, तुझा पगार. मे महिन्यात दहा तारीख आली, मला घरात बसवेना. आठला तारापुरातून दहा हजार काढले. कार्डावर एका दिवसाला दहाच निघतात, म्हणून नऊला चार काढले. आणि दहाला जाऊन भरले."

"तेच पैसे?"

"तेच पैसे. खरकटा हात नाय लावला त्याला."

मी पिशवीतून कागद काढला. खर्चाच्या बाजूला, घरखर्चासाठी काढलेल्या रोख रकमेत, दर महिन्याला आठ तारखेला दहा हजार आणि नऊला चार हजार. मी ते मुकाट्याने खर्चात धरले होते. आठशे रुपयांची ये-जा मला दिसली होती, चौदा हजारांची दिसली नव्हती. जमेत चौदा जास्त, खर्चात चौदा जास्त, म्हणून मेळ प्रत्येक महिन्याला निमूट बसत होता. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले की मेळ बसला म्हणजे झोप लागते. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

मी वहिनीला बोलले, नको इतकं बोलले. बँकेला कळवलं नाहीस, मेलेल्या माणसाचं कार्ड वापरतेस, पोरीच्या शिक्षणावर पाणी पडलं असतं. शिल्लक उतरत चालली आहे, आणखी काही महिन्यांनी फिरवायला चौदा हजारही उरले नसते, मग काय करणार होतीस? ती खाली बघून ऐकत होती. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटत होता. माझा सख्खा भाऊ, आणि मी वर्षभर त्याच्यासाठी काहीच केलं नव्हतं. कामाला जात होते, एवढंच. हिने त्याला दर महिन्याला बोईसरपर्यंत आणलं होतं.

"तेवढं राहू दे ना कागदावर," ती हळूच म्हणाली.

"राहिलं तर फी मिळणार नाही, वहिनी."

तिने पुतणीच्या दाराकडे पाहिलं. पोरगी आत मोठ्याने शरीरातल्या हाडांची नावं पाठ करत होती.

"मग काढ," वहिनी म्हणाली.

आम्ही ओट्यावरच बसलो. अकरा महिने, अकरा वेळा जमा, बावीस वेळा काढलेले. वेगळ्या कागदावर तारखांच्या जोड्या लावल्या, वर लिहिलं की हे घरचेच पैसे काढून पुन्हा भरलेले आहेत, उत्पन्न नाही आणि खर्चही नाही. पावत्या जोडल्या. एक लाख चोपन्न हजार दोन्ही बाजूंनी वजा केले. उत्पन्न राहिलं एक लाख एक्कावन्न हजार आठशे शहाऐंशी, खर्च एक लाख चौऱ्याहत्तर हजार चारशे शहात्तर. शिल्लक तीच, अठरा हजार सहाशे तीस. दादा निघून गेला तरी शेवटच्या आकड्याला काही फरक पडला नाही. हे मला शाळेपासून येणारं गणित, पण त्या दिवशी ते मला सहन होईना.

मग फॉर्म उघडला. नोकरीच्या ओळीत एप्रिलच्या चौकटीत मी चौदा हजार लिहिले. तो त्याचा स्वतःचा, कमावलेला शेवटचा पगार. खाली बारीक अक्षरात सूचना होती की कुठलीही चौकट रिकामी ठेवू नये, रक्कम नसल्यास शून्य लिहावे. मी मे महिन्याच्या चौकटीवर पेन टेकवलं आणि पुढे सरकवेना.

वहिनीने माझ्या हातातून पेन घेतलं. तिला सही सोडली तर लिहिता येत नाही. "गोल करायचा ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. मे, जून, जुलै करत ती एकेक चौकट भरत गेली. शून्यं लहानमोठी झाली, एक तर चौकटीबाहेर गेलं. मार्चचं भरून तिने पेन मला परत दिलं आणि पदराला हात पुसले.

त्या रात्री घरी आल्यावर मी दादासाठी पहिल्यांदा रडले.

संस्थेने दोन शंका विचारल्या, मी उत्तरं दिली, फी मंजूर झाली. बँकेत मृत्यूचा दाखला दिला, कार्ड जमा केलं, खातं वहिनीच्या एकटीच्या नावावर झालं. दहा तारखेला ती आता कुठे जात नाही, असं पुतणी सांगते. मी विचारलेलं नाही.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी पुन्हा तेच काम आलं. या वेळी संस्थेचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता, आणि ज्या ओळीत वर्षभर एकही रक्कम नाही ती ओळ छापून येत नव्हती. मेळ पहिल्या झटक्यात बसला. मी कागद सहीसाठी तारापूरला नेला. वहिनी सही करायच्या आधी कागदावर वरून खाली बोट फिरवत राहिली, पुन्हा वर गेली.

"त्यांची ओळ कुठंय, बाय?"

"यंदा त्याचा एकही आकडा नाही, वहिनी. म्हणून ओळ आली नाही."

तिचं बोट मासळीविक्रीच्या वर, कोऱ्या जागेवर थांबलं.

"शून्य पण नाय?"

"शून्य पण नाही."