काठाच्या धोतरासाठी

प्लेग येण्याच्या आधीची ही गोष्ट. परळच्या गिरणीत मी साध्या कापडाच्या साच्यावर, म्हणजे मागावर, होतो. वर्ष भरले नव्हते. लालबागच्या एका गिरणीत काठाची धोतरे निघत. ते काम शिकावे, एवढेच माझ्या मनात होते.

आमच्या गिरणीतला जॉबर, म्हणजे माणसे कामाला लावणारा मुकादम, माझ्या गावचा. गावाहून त्यानेच मला आणले होते. त्याच्याच खोलीत, आठ-दहा जणांत, माझे अंथरूण होते. जॉबर रुसला की काम आणि निवारा दोन्ही जातात, हे मला ठाऊक होते. म्हणून त्याला न सांगता सुट्टीच्या दिवशी मी लालबागला त्या गिरणीच्या जॉबराकडे गेलो.

तो चाळीच्या ओट्यावर विडी ओढत बसला होता. परळच्या गिरणीचे नाव सांगून मी काम मागितले.

“किती दिवस झाले तिकडे?”

“वर्ष होईल आता.”

“होईल म्हणजे झालं नाही. मग का सोडतोस?”

खोलीतल्या सोबत्यांनी उत्तर पढवले होते. “तिकडची हवा मानवत नाही.”

“परळची हवा लालबागला येत नाही का रे?” शेजारचे दोघे हसले.

“गाव कुठलं?”

मी सांगितले.

“म्हणजे तुझा जॉबर तुझ्याच गावचा. पोटापाण्याला लावणाऱ्याला सोडून आलास. उद्या मला सोडशील. खरं बोल. मारामारी केलीस? साचा मोडलास?”

“नाही. काठाचं काम शिकायचं आहे. आमच्या खात्यात तसा साचा नाही. असता तर आलो नसतो.”

त्याने विडी विझवली. “हे आधी सांगता आलं नाही? त्याला माहीत आहे?”

“नाही.”

“मग आधी त्याला सांग. चोरून आलेला माणूस मी घेत नाही. आज ना उद्या तो मला भेटेलच.”

परत येताना मी डिलाईल रोडने लांबचा फेरा घेतला. खोलीत जॉबर जेवायला बसला होता. मी उभाच राहिलो.

“काका, मला लालबागच्या गिरणीत जायचं आहे.”

“का?”

हवेचे नाव मी काढले नाही. काठाचे सांगितले. तो भात कालवीत राहिला. माझी नजर कोपऱ्यातल्या माझ्या वळकटीवर होती.

“तुझ्या साच्यावर कोण उभा राहील?” त्याने विचारले.

मी खाली बसलो.

“खात्याचा मास्तर मला जाब विचारील. गावाहून माणूस आण, त्याला साचा शिकव, मग जा. तोवर हललास तर दोन्हीकडून जाशील.”

“आणि इथलं राहणं?”

तो हात धुण्यासाठी उठला. “आलेला माणूस तुझ्या जागेवर झोपेल. तू दाराजवळ सरक.”

गावाहून माणूस आणून मी त्याला साचा शिकवला, आणि त्या पावसाळ्यात दाराजवळ भिजत झोपलो. पण दिवसा लालबागला काठाच्या साच्यावर उभा होतो.