बापाची एक ओळ

परळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आमचा डबिंगचा स्टुडिओ आहे. मी तिथे तुर्की मालिकांचे मराठी संवाद लिहिते. तुर्की मला येत नाही. कंपनीकडून इंग्रजी यादी येते, कोणत्या सेकंदाला कोण काय म्हणाला याची. मग मी आवाज बंद करून चित्र बघते आणि ओठ कुठे मिटतात तिथे खुणा करते. मिटलेल्या ओठांवर प, ब, म बसवायचा, उघड्या तोंडाला आ द्यायचा. या कामात मी तरबेज आहे असा माझा समज होता.

मालिकेतल्या म्हाताऱ्या बापासाठी मी आमच्या लालबागच्या चाळीतले काका सुचवले होते. पासष्टी उलटलेले, गिरणी कामगारांच्या नाटकात उभं आयुष्य घालवलेले. आवाज असा की चौथ्या मजल्यावरून दूधवाल्याला थांबवतील. पण रंगमंचावरची सवय जाता जाईना. पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटायचं आणि काकांचं वाक्य अजून चालूच. दोन दिवस असे गेल्यावर आमच्या दिग्दर्शकिणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, की उद्या जेवणाचा सीन बसला नाही, तर परवापासून दुसरा आवाज. मी काकांना हे सांगितलं नाही. पण त्यांना कळलेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सीन असा: मुलगी लग्नाविना, कुणालाही न विचारता परदेशी निघाली आहे. ताटावर बसलेला बाप तिच्याकडे बघतो आणि एकच वाक्य बोलतो. यादीत ते वाक्य नव्हतं. याद्या करणारे ओळी गाळतात, हे मला पाठ आहे, म्हणून मी स्वतःच लिहिलं: ‘जा, पण परत ये.’ तोंड उघडतं, ओठ मिटतात, पुन्हा उघडतात, पुन्हा मिटतात आणि उघडतात. अगदी मापात. ही ओळ मला इतकी आवडली होती की घरी दोन जणांना वाचून दाखवली होती.

काका काचेपलीकडे हेडफोन लावून उभे राहिले. मूळ आवाज फक्त त्यांच्या कानात जातो. इकडे इंजिनिअर आमच्यासाठी तो बंद ठेवतो, म्हणजे मराठी नीट ऐकू येतं. पहिला टेक उशिरा सुरू झाला, दुसरा घाईत, तिसऱ्यात ‘ये’ मिटल्या ओठांवर गेलं. मी ‘जा’ काढून बघितलं, ‘पण’ काढून बघितलं. अकरावा टेक झाला तेव्हा दिग्दर्शकीण फोनवर दुसऱ्या कुणाचा तरी नंबर शोधत होती आणि मला काकांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघवत नव्हतं.

मी आत गेले. काकांनी हेडफोन काढले, दाराकडे नजर टाकली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बाय, कुणाला बोलू नको. माझे कान गेले. हा मानूस काय बोलतो तेच ऐकू येत नाय.”

मी हेडफोन घेऊन कानाला लावले आणि इंजिनिअरला सीन चालवायची खूण केली. चमच्यांचा आवाज आला. मुलीचं वाक्य आलं. मग बापाचा क्लोजअप, आणि कानात फक्त चघळणं. करकर, मचमच, एक घोट. बाप एक अक्षर बोलत नव्हता. तो जेवत होता.

मी माणसाच्या घासावर संवाद लिहिला होता. तोही मोठ्या प्रेमाने.

बाहेर येऊन मी गुन्हा कबूल केला. इंजिनिअर टेबलावर डोकं ठेवून हसला. दिग्दर्शकीण हसली नाही. ओळ कापली आणि म्हणाली, मग चघळण्याचा आवाज तरी द्या, मूळ आवाजाबरोबर तोही जातो, आपल्यालाच भरायचा आहे. काकांनी डबा उघडला, चपातीचा तुकडा तोंडात घातला आणि पडद्याकडे बघत सावकाश चावला. मध्येच थांबले. मग गिळला. पडद्यावरचा बापही नेमका तिथेच थांबला होता. पहिल्याच टेकला ओके. दिग्दर्शकिणीने फोन पर्समध्ये टाकला आणि काकांना उद्या दहाची वेळ दिली.

“तुझी ओळ चांगली होती,” काका जिना उतरताना म्हणाले. “पन पोर चालली की बाप जेवतो, बोलत नाय.”

मला राग आला, कारण ते खरं होतं.

चाळीत पोचलो तरी कानांची धाकधूक त्यांना सोडत नव्हती. गॅलरीत ते माझ्याकडे पाठ करून दहा पावलं पुढे गेले आणि म्हणाले, काहीतरी हळू बोल. खाली पोरांचं क्रिकेट चाललं होतं. मी शक्य तितकं हळू म्हटलं, “जा, पण परत ये.”

काका न वळता म्हणाले, “ती कापली ना?”