कललेल्या माडाखाली

माझा अशील मालवणजवळचा बागायतदार होता. त्याच्या कललेल्या माडावरून सुका नारळ पडला आणि वाटेने जाणाऱ्या, दूरच्या मसुरे गावातल्या एका माणसाचा खांदा मोडला. बागायतदाराने शेजाऱ्याबाबतचं कर्तव्य पाळलं नाही, असं म्हणत त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. तो घसरून पडला, असं म्हणायची सोय डॉक्टरांच्या साक्षीने संपली होती. मार वरूनच बसला होता.

"वकीलसायब, तो मसुऱ्याचो. माझो शेजारी कसो?" अशील दर तारखेला विचारायचा. मी वैतागून सांगायचो, "विलायतेत सोड्याच्या बाटलीत गोगलगाय निघाली आणि त्यावर खटला झाला, त्या निकालापासून कायद्यात शेजारी म्हणजे कुंपणापलीकडचा नव्हे. आपल्या हलगर्जीपणाने ज्याला इजा होईल हे आधी ध्यानात यायला हवं, तो शेजारी. त्याची काळजी घेणं आपलं कर्तव्य. तेव्हा विचारतील तेवढंच बोल."

तो साक्षीला उभा राहिल्यावर समोरच्या वकिलांनी मऊ आवाजात विचारलं, "त्या वर्षी नारळ पाडून घेतले होते?"

"नाही."

"तुमची मुलं त्या माडाखाली खेळतात?"

अशील दुखावला. कोर्टातली मराठी विसरून म्हणाला, "थंय जावचा नाय, असा मी पोरांका कधीच सांगून ठेवलंय. नारळ डोक्यात पडात."

न्यायाधीश लिहू लागले. धोका ठाऊक होता आणि तरी माड तसाच ठेवला, हे माझ्याच माणसाने शपथेवर सांगितलं होतं. हरकत घ्यायची तर कशाला?

अशिलाने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. आपण काळजी घेणारे बाप आहोत, हे त्याने सिद्ध केलं होतं.