बिनपावतीची बारा इंजेक्शनं

परळमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये मी एकवीस वर्षं नोकरी करते आहे. स्टोअर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. औषधं, सलाईन, हातमोजे, टाक्यांचे धागे असा सगळा माल आधी आमच्याकडे येतो आणि इथून वॉर्डात जातो. त्यातली बहुतेक वर्षं माझ्या वरच्या खुर्चीवर एक काका होते. लालबागच्या चाळीत वाढलेले, मूळचे मालवणकडचे, बोलायला तिखट आणि हिशोबाला पक्के. कुठली वस्तू किती शिल्लक आहे ते त्यांना वही न उघडता सांगता यायचं. मला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना जे ओरडले तेही माझ्या लक्षात आहे.

दोन वर्षांपूर्वी नव्या प्रशासक मॅडम आल्या. वयाने माझ्याहून लहान, आवाज कधी चढायचा नाही, पण दर सोमवारी आकडे लागायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं की रजिस्टरची सतरा पानं वाचायला त्यांना वेळ नाही. काय संपत आलंय आणि कुठल्या प्रकारच्या मालात किती रुपये अडकलेत, हे एका पानावर दिसायला हवं. मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन एक्सेल शिकले होते आणि ते ज्ञान चार वर्षं पगाराची पत्रकं छापण्यापलीकडे कुठे वापरलं नव्हतं. त्यामुळे मी हो म्हणाले, जरा जास्तच उत्साहाने.

पंधरा दिवस खपून मी ते पान केलं. एका शीटवर वस्तूंची यादी : नाव, प्रकार, शिल्लक नग, किमान साठा, दर, आणि नग गुणिले दर म्हणजे मूल्य. शिल्लक किमान साठ्याइतकी किंवा त्याहून कमी झाली की ती ओळ आपोआप लाल व्हायची, जवळ आली की पिवळी. दुसऱ्या शीटवर पिव्होट टेबल. ते सगळ्या ओळी प्रकारानुसार गोळा करून सांगायचं की इंजेक्शनं इतक्या रुपयांची, गोळ्या इतक्या, ड्रेसिंगचं सामान इतकं. वर एका चौकटीत एकूण साठ्याचं मूल्य. छान दिसत होतं. मी स्वतःवर खूश होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

किमान साठ्याचे आकडे काकांनी तोंडी सांगितले, मी टाइप केले. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, लाल झालं की कोण धावत येणार. मी म्हटलं मॅडम. त्यांनी पुढचा आकडा सांगितला.

आता कपाटाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आतल्या खोलीत एक जुनं लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली काकांच्या जानव्याला असायची. मोफत वॉर्डातला पेशंट बरा होऊन घरी गेला किंवा दगावला, की त्याच्या नावावर काढलेली आणि न वापरलेली इंजेक्शनं ट्रेमधून स्टोअरला परत येतात. नियमाप्रमाणे ती शिलकीत जमा करायची. काका ती जमा करत नसत. बॉक्स कपाटात जायचा. ‘अडीनडीला असू दे’ एवढंच म्हणायचे. साठा संपलेला असताना खरोखरच गरजू कोणी दारात उभा राहिला, की कपाट उघडायचं. गरजू कोण ते काका ठरवणार. मला हे माहीत होतं, म्हणजे कपाटात काहीतरी असतं एवढं माहीत होतं. सगळ्याच स्टोअरमध्ये असं एखादं कपाट असतं असं मी धरून चालले होते. रजिस्टर होतं तोवर त्याने कुणाचं काही अडत नव्हतं, निदान अडलेलं आम्हाला दिसत नव्हतं.

काका शिमग्याला गावी गेले त्या आठवड्यात एक बाई खिडकीशी आली. नवरा मोफत वॉर्डात होता, डॉक्टरांनी एक महागडं अँटिबायोटिक इंजेक्शन लिहून दिलं होतं, दिवसाला तीन. माझ्या शीटवर ती ओळ लाल होती आणि आकडा शून्य. ऑर्डर गेली होती, माल पंधरा दिवसांनी येणार होता. मी तिला स्टॉक नाही, बाहेरून आणावं लागेल असं सांगितलं. तिने एकाची किंमत विचारली. मी सांगितली. तिने चिठ्ठीची घडी घातली, ती अजून लहान केली, आणि गेली. मी पडदा तिच्याकडे वळवून तो शून्य तिला दाखवला होता. का दाखवला कोण जाणे. आपण खोटं बोलत नाही हे दाखवायचं असेल.

काका परत आल्यावर मी हे सहज सांगितलं. ते हातातला चहा ठेवून आत गेले आणि बॉक्स घेऊन आले. तेच इंजेक्शन, बारा नग, मुदत सहा महिने पुढची.

“माका फोन नाय करूचो?” ते म्हणाले.

“फोनवरून किल्ली येते का काका?” मी म्हटलं. मी चिडले होते, आणि चिडण्याचा मला हक्क होता.

थोड्या वेळाने त्यांनी बारा नग शिलकीत घे म्हणून सांगितलं. निवृत्तीला चार महिने होते, बहुधा त्यांना कपाट हळूहळू रिकामं करायचं होतं. मी शून्याच्या जागी बारा टाकले. किमान साठा दहा होता, ओळीचा लाल रंग गेला आणि ती पिवळी झाली. सोमवार असल्यामुळे फाइल लगेच मॅडमना पाठवून दिली.

अर्ध्या तासात त्यांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. त्यांच्यासमोर फाइल उघडी होती. वरच्या चौकटीतलं एकूण मूल्य आणि पिव्होटच्या तळाची बेरीज जुळत नव्हती. मी काय विसरले ते मला दारातच कळलं. रंग आणि सूत्रं आकडा बदलला की त्याच क्षणी बदलतात. पिव्होट बदलत नाही, त्याला रिफ्रेश द्यावं लागतं, तोवर ते जुनंच सांगत राहतं. मी रिफ्रेश दिलंच नव्हतं. मॅडमनी तो फरक लालची पिवळी झालेल्या त्या इंजेक्शनच्या दराने भागला होता आणि उत्तर बरोबर बारा आलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं की या आठवड्यात या मालाची पावती नाही, मग बारा नग आले कुठून.

टायपिंगची चूक झाली, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते खपलंही असतं. पण मी बोलायच्या आत काका म्हणाले, “माझ्याकडे होते. अजून आहेत.”

दुपारी कपाट उघडलं. मोजायला मॅडम स्वतः खाली आल्या, साडीचा पदर खोचून स्टुलावर बसल्या. चोरी एका नगाचीही नव्हती. उलट पुस्तकात नसलेला माल जास्तीचा निघाला. पण लेखापरीक्षकाला जास्तीचा मालही कमी मालाइतकाच खुपतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खालच्या दोन कप्प्यांतल्या बऱ्याचशा मालाची मुदत उलटून गेली होती. धागे, इंजेक्शनं, लहान मुलांची सलाईन. काका एकेक बॉक्स उचलून तारीख मोठ्याने वाचत होते. मॅडमनी त्यांना मध्येच थांबवून पाणी दिलं.

त्यांनी माझ्याकडे दोन याद्या मागितल्या, वापरता येण्याजोगा माल आणि मुदत संपलेला माल, दोन्ही प्रकारवार मूल्यासह. त्या विश्वस्तांसमोर जाणार होत्या. आकडा मोठा निघाला तर चौकशी, आणि चौकशी लागली की निवृत्तीचे पैसे अडकणार, नावही जाणार. चाळीस वर्षांच्या नोकरीत काकांवर एक मेमो नव्हता. विश्वस्तांनी काय केलं ते आताच सांगते : चौकशी लागली नाही, पैसे वेळेवर मिळाले, पण त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईने पाच ओळींची नोंद झाली आणि निरोपाच्या कार्यक्रमाला विश्वस्तांपैकी कोणी आलं नाही. काकांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. मला मात्र अजून वाईट वाटतं, आणि त्यांचा रागही येतो. दोन्ही एकदम येतं.

याद्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी केल्या. मुदतीची तारीख आजच्या आधीची असेल तर ओळ लाल, असा नियम लावला. बघता बघता अर्धं पान लाल झालं. त्यात तेच अँटिबायोटिक होतं, चार नग, मुदत फेब्रुवारीत संपलेली. सगळ्यात महाग ओळ तीच होती. ती वाचली की विश्वस्तांपैकी कुणीही विचारलं असतं, हे कपाटात सडत असताना किती जणांना बाहेरून आणायला सांगितलंत? मी त्या चाराचं शून्य केलं. फुटले म्हणून दाखवणार होते. स्टोअरमध्ये काचेच्या बाटल्या फुटतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. शून्य केलं की मूल्यही शून्य, आणि पिव्होटमधला इंजेक्शनांचा आकडा बराच खाली आला. यावेळी मी रिफ्रेश द्यायला विसरले नाही.

काका माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता, पण मोजता येत होतं. त्यांनी बोटाने ओळ दाखवली आणि ते चार कुठे गेले म्हणून विचारलं. मी फुटले असं धरलंय म्हटलं.

“फुटूक नाय ते,” काका म्हणाले. मग खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले. “त्या बाईक तू ‘नाय’ म्हटलंस. तां ‘नाय’ माझा होता गो. लिही चार.”

मी चार लिहिले. ओळीत मूल्य परत आलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि मला विचारलं की त्या बाईचा नवरा वॉर्डात अजून आहे का, बघून सांगशील का.

मी वॉर्डात फोन लावला. तो पेशंट आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी गेला होता, औषधं पूर्ण न करता.