रक्तातला जीव

वाकस हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सुताराचं ते धारदार हत्यार जसं लाकडाचा खपला उडवतं तशी त्याची जीभ माणसाचा उडवते, म्हणून कारखान्यातल्या दोन भागीदारांनी त्याला ते चिकटवलं होतं. त्या दोघांतला एक कातारी, धर्माने यहुदी. कातावर, लाकूड गरगर फिरवणाऱ्या त्या यंत्रावर, पलंगाचे खूर असे घडवायचा की हात फिरवत राहावंसं वाटावं. दुसरा पॉलिशवाला मुसलमान चाचा. वाकस हिंदू. तिघांनी मिळून फर्निचरचा कारखाना उभा केला आणि डोक्यावरचे केस तिथेच पांढरे केले.

जेवताना तिघांचा एकच छंद, वाद. पोट भरलं की चाचाला डुलकी लागायची आणि वाकस त्याला डिवचायचा, "कुठे जाऊन आलास रे?"

"मालकाकडे," चाचा डोळे न उघडता म्हणायचा. "झोपेत अल्लाह जीव काढून घेतो. ज्याची वेळ भरली त्याचा ठेवून घेतो, बाकीच्यांचा परत धाडतो. तुझी बडबड ऐकायला मला परत धाडलं."

कातारी हसायचा. "आमच्यातही तेच. सकाळी डोळा उघडला की पहिलं वाक्य आभाराचं, माझी नशामा परत दिलीस म्हणून. देवाने फुंकलेला श्वास तो. शुद्ध दिलाय, शुद्धच ठेवून परत करायचा."

"आमच्यात कोणी कुठे जात नाही," वाकस म्हणायचा. "गाढ झोपेत मन, इंद्रियं सगळी गप्प बसतात. पण आत एक साक्षी जागा असतो. नाहीतर उठल्यावर 'छान झोप लागली' हे सांगतो कोण?"

"मग तो साक्षीच कामाला लाव, खुर्च्या तशाच पडल्यात," चाचा म्हणायचा.

कारखान्याच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा होता. आधी गोड बोलणं झालं, मग धमक्या. तिघे हलले नाहीत. एका दुपारी, डबे उघडे असतानाच, मागच्या दाराने माणसं आत शिरली. पुढे होता त्याच्या हातात लोखंडी पहार होती, मागच्याकडे कोयता.

चाचा उठायच्या आतच कोयत्याचा घाव त्याच्या मानेवर बसला. तो पॉलिशच्या डब्यांवर कोसळला आणि पुन्हा हलला नाही. कातारी कातामागे सरकला. पहारवाल्याने त्याच्या डोक्यात पहार घातली, मग छातीत, मग पुन्हा डोक्यात. हाडाचा आवाज ओलं लाकूड फुटल्यासारखा आला. वाकसने हात आडवा टाकला तेव्हा कोयत्याने त्याची दोन बोटं नेली. तो भुशात पडला. पहारवाला त्याच्यावर वाकून धापा टाकत म्हणाला, "घाबरतोस कशाला? तुमच्यात आत्मा मरत नाही ना?" बाहेर कोणीतरी ओरडलं आणि टोळी पळाली.

हाताला पट्टी बांधून, डॉक्टरचं न ऐकता, वाकस कारखान्यात परतला. पोलिसांचा पंचनामा उरकला होता आणि एक माणूस पाण्याची नळी घेऊन फरशी धुवायला निघाला होता. कातारीची मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली.

"पाणी मारू नका. बाबांचं रक्त आहे ते."

"अहो ताई, वास सुटेल."

"आमच्यात जीवाला तीन नावं आहेत," ती म्हणाली. "नशामा वर देवाकडची. रुआख मधली, वाऱ्यासारखी, भावना तिथे. आणि नेफेश सगळ्यांत खालची, शरीराची. ती रक्तात असते. मरताना सांडलेलं रक्त माणसाबरोबरच पुरायचं. धुऊन गटारात सोडायचं नाही."

वाकसने नळीवाल्याला बाहेर काढलं. मग तो आणि ती गुडघ्यांवर बसले. रक्त शोषलेला भुसा त्यांनी हातांनी गोळा केला, फळीवरचं सुकलेलं पटाशीने खरवडलं, कातही पुसून काढला आणि सगळं, फडक्यांसकट, पिशवीत भरलं. वाकसची पट्टी लाल झाली तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, तुमचं त्यात मिसळू नका." तो बाजूला सरकला आणि चांगल्या हाताने पिशवीचं तोंड उघडं धरलं.

कातारीला आंघोळ घातली नाही. रक्ताने माखलेल्या कपड्यांवरच पांढरं वस्त्र गुंडाळून, पिशवीसकट पुरलं. तोपर्यंत कोणीतरी सतत त्याच्याजवळ बसून होतं. जीव देहाभोवतीच घोटाळतो, त्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून.

चाचाच्या घरी मौलवींनी वाकसलाच बसवून विचारलं. वार झाल्यावर ते बोलले का? पाणी मागितलं? काही वेळ तरी जगले?

"नाही. जागीच गेले."

"मग जुलमाने मारले गेलेले शहीद आहेत. गुस्ल नको, आंघोळ घालायची नाही. याच कपड्यांत, याच रक्तात जातील."

दोन मित्र दोन कबरस्तानांत न धुताच गेले.

त्यानंतर वाकसला झोप येईना. पहारवाला जामिनावर सुटून राजरोस हिंडत होता. वाकसने पटाशीला धार लावली आणि चाचीकडे जाऊन बसला. तिने त्याच्या कमरेला काय आहे ते बघितलं.

"मारणार आहेस?"

"तोच म्हणाला चाची, आत्मा मरत नाही. खरंच आहे. शस्त्राने तुटत नाही, आगीने जळत नाही. मग मी त्याला मारलं तर कोण मेलं, आणि कोणी मारलं?"

चाची म्हणाली, "रूह म्हणजे काय ते आम्हाला विचारू नकोस. ती रबच्या हुकमाची गोष्ट आहे, आम्हाला त्यातलं थोडंच ज्ञान दिलंय. पण नफ्स, माणसाच्या आतला 'मी', मला कळतो. एक नफ्स वाईटाचा हुकूम देतो. दुसरा माणसाला टोचतो. तिसरा शांत झालेला असतो. आत्ता तुझा पहिला बोलतोय. लबाड आहे, तुझ्याच शास्त्राची भाषा बोलतोय."

वाकस उठला. रस्त्यात त्याचं त्यालाच उत्तर सापडत होतं. आत्मा साक्षी, त्याला डाग नाही, कबूल. पण देह जळल्यावर मन, वासना, केलेल्या कर्माचे संस्कार घेऊन सूक्ष्म शरीर पुढे निघतं. पहार चालवणाऱ्याचं ओझं त्याच्याबरोबर जाणार आणि पटाशी चालवणाऱ्याचं याच्याबरोबर. आत्म्याचं नाव पुढे करून जीवाची सुटका होत नसते. हे सगळं त्याला कळत होतं, आणि पाय थांबत नव्हते.

पहारवाला एका गॅरेजमध्ये पाठमोरा बसला होता. वाकसने पटाशी त्याच्या खांद्यात मुठीपर्यंत घातली. तो किंचाळत उलटला. वाकसने त्याचं तोंड जमिनीवर आपटलं, दात फुटले, पुन्हा आपटलं. पटाशी उपसून मानेवर टेकवली. खांद्यातून रक्ताची धार लागली आणि ती जमिनीवरच्या तेलात मिसळायला लागली. आता हे कोण खरवडणार, असं त्याच्या मनात आलं. त्याला त्या मुलीचे हात दिसले. पहारवाला पोरासारखा रडत होता, "आई" म्हणत होता.

वाकसने पटाशी फेकली, अंगातला शर्ट काढला आणि जखमेवर दाबून धरला. पोलीस आले तेव्हा तो तसाच होता, एका हाताने दाबत आणि त्याच माणसाला शिव्या देत.

पहारवाला वाचला, हात मात्र कायमचा लुळा पडला. त्याला खुनाबद्दल जन्मठेप झाली, बिल्डर सुटला. वाकसचा वकील म्हणाला, डोकं ठिकाणावर नव्हतं असं सांगू. वाकस कोर्टात म्हणाला, "ठिकाणावर होतं. मीच केलं." त्याला तुरुंगवास झाला.

तो सुटून आल्यावर कातारीच्या मुलीने कारखान्याचं दार उघडून त्याला आत घेतलं. तिने कात चालू ठेवला होता. तीन बोटांच्या हाताने रंधा नीट धरता येत नाही, म्हणून तो आता घासकाम करतो आणि पॉलिश चाचीकडून शिकतो; तिने ते चाचाकडून उचललं होतं. चाची रागावते, हात जड आहे म्हणते.

एकदा मुलीने काम करता करता विचारलं, "अजून वाटतं का, त्याला संपवायला हवं होतं?"

"वाटतं," वाकस म्हणाला. "काही दिवशी फार वाटतं." आणि त्याने खुर्चीचा दुसरा पाय घासायला घेतला.