हलव्या आणि पडदेवाल्याचा कान

आमच्या नाट्यगृहासमोर एक अरुंद जिना आहे. त्याच्या वर व्हिडिओ जुळवून देणाऱ्या गृहस्थाचं दुकान. लोक त्याला हलव्या म्हणतात, कारण शांत बसलेला फोटो त्याला बघवत नाही. लग्नांच्या चित्रीकरणापासून त्याने सुरुवात केली. नवरानवरी फोटोतल्या फोटोत पुढे सरकू लागली, मागचा मंडप हळू हळू मागे राहू लागला आणि गिऱ्हाइकं खूश झाली. तेव्हापासून या माणसाने स्वतःच्या दिवंगत वडिलांनाही सोडलं नाही. ते दुकानातल्या पडद्यावर दिवसभर भिंतीसमोर डुलत असतात. त्याची बायको म्हणते, "फोटो हलवतात, स्वतः मात्र खुर्चीतून हलत नाहीत."

आमचा पडदेवाला गेला. चाळीस वर्षं त्याने पडदा ओढला आणि त्याचा फोटो उरला एकच. त्यातही पुढे मी, राजाच्या वेशात, छाती काढून; तो माझ्या उजव्या खांद्यामागे, हातात दोरी. डावा कान माझ्या मुकुटाआड. शोकसभेत हा फोटो दाखवायचा होता. त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एवढंच हवं होतं की एकदा तरी लोकांनी त्याच्याकडे बघावं.

वहिनींना घेऊन मी हलव्याचा जिना चढलो. त्याने फोटोतल्या मला कापून वेगळा थर केला आणि पडदेवाल्याला पडद्यासकट मागच्या थरात ढकललं. मागचा थर धूसरही केला. "कॅमेरा बाजूला नेला, की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. त्यानेच खोली येते," तो मला शिकवू लागला. मला! आम्ही रंगवलेल्या डोंगरापुढे झाडं सरकवून अख्खी जंगलं उभी केली, तेव्हा हा रांगतही नव्हता.

फोटो चालू झाला. मी दिमाखात त्याच्या बाजूला सरकलो आणि पडदेवाला माझ्याआड गेला.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "आयुष्यभर तुम्ही पुढे आणि हे मागे. आता तर दिसतही नाहीत."

"वहिनी, माझा काय दोष? हा मला ढकलतोय."

"मग उलटं नेऊ," हलव्या म्हणाला. आता मी दुसऱ्या बाजूला सरकलो. माझ्यामागे जिथे भोक पडलं, तिथे त्याच्या संगणकाने आपल्या मनाने भरणा केला. मुकुटाआडून कान बाहेर आला. छान, गोंडस, गुबगुबीत.

वहिनींनी चष्मा पुसला. "हा कोणाचा कान?"

"त्यांचाच की. कान सगळ्यांचे सारखेच असतात."

"त्यांच्या त्या कानाची पाळी दोरीत अडकून फाटली होती. तू परक्याचा कान लावलास. नको दाखवू हा फोटो. तसाच पिशवीत घाल."

मी मनात म्हटलं, संगणकाला कान दिसतो, माणूस दिसत नाही. पण हलव्याने जे केलं, त्याचं श्रेय मी देणार. तेवढा कद्रू मी नाही.

त्याने खुर्ची ओढली. "फोटोत जे नाही, ते मी दाखवायला नको होतं," तो पुटपुटला. मग मला आणि पडदेवाल्याला त्याने एकाच थरात घेतलं, म्हणजे आम्ही एकमेकांच्या जागेवरून हलणार नाही, कान मुकुटाआडच राहील. धूसरपणा काढला. मागे उरला नुसता पडदा. आमच्यामागची रिकामी जागा शेजारच्या चुण्या उचलून भरली. कापडाला कोण ओळखतं? दोरीने मात्र त्याचा घाम काढला. बारीक वस्तू कापणं अवघड. पहिल्या वेळी ती पडद्याबरोबर निघून गेली आणि मूठ रिकामी राहिली.

"दोरी त्यांच्या हातात ठेव रे बाबा," मी म्हटलं. "तिच्यावर माझे सगळे प्रवेश अवलंबून होते."

तो दोरीची कड धाग्याधाग्याने उकरत बसला. बायको चहा ठेवून गेली, चहा गार झाला.

शेवटी फोटो चालू झाला. आम्ही दोघं किंचित पुढे आलो आणि मागचा पडदा हळूच बाजूला सरकू लागला. दोरी मुठीत. मी राजा कितीही छाती काढून उभा असलो तरी नजर दोरीवर जात होती आणि दोरीवरून त्या माणसावर.

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या.

"हेच ओढतायत," त्या म्हणाल्या. "पुन्हा लाव."

हलव्याने पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला थोडं बाजूने कापू का?"

"काप," मी म्हटलं. "पण मुकुट राहू दे. कान झाकायला लागेल."